पाटीच्या पोस्टवर भांडण पेटलंय. मॉडरेटरने नेमकं काय लिहावं? (१ नोव्हेंबरच्या आत हवंय)

मलप्रभा_काठ
बेळगावकडच्या आमच्या तालुक्याच्या फेसबुक पेजवर एरवी लाईट कधी येणार, बस का आली नाही, बाजारात मिरचीचा दर काय, हरवलेलं आधार कार्ड, असलंच चालतं. काल संध्याकाळी एका दुकानदाराने आपल्या पाटीचा फोटो टाकून विचारलं, "पाटीवर कन्नड जास्त हवं, पाटी बदला म्हणून नोटीस आली आहे, नक्की नियम काय आहे कुणी सांगेल का?" रात्री अकरापर्यंत खाली दीडशेच्या वर कॉमेंट. सगळ्या देत नाही, पण त्यातल्या सहा अशा आहेत की प्रत्येकीचं काय करायचं हा वेगळाच प्रश्न आहे:

अ) "नियम सगळ्यांना सारखा, पाळायला काय हरकत आहे?"
आ) "चार पिढ्या इथंच राहिलो, आता आम्हाला पाटी लिहायला शिकवणार?"
इ) "एवढं वाटतंय तर महाराष्ट्रात जा की."
ई) "१ तारखेला दाखवतो कोण कुठं जातंय ते."
उ) दुकानदाराचा मोबाईल नंबर, दुकानाचा पत्ता, आणि खाली "फोन करून विचारा याला".
ऊ) ट्रकवर दगडफेकीचा व्हिडिओ, वर लिहिलंय "आत्ताच, हायवेवर".

पेजवरून गेलेलं उत्तर असं होतं: "कृपया सर्वांनी शांतता राखावी. राजकीय चर्चा करू नये. अन्यथा कारवाई केली जाईल." त्यानंतर कॉमेंट कमी व्हायच्या ऐवजी वाढल्या. आत्ता पोस्ट तशीच आहे, कॉमेंट बंद केल्या आहेत. शनिवारी १ नोव्हेंबर, एकीकडे कर्नाटक राज्योत्सव, दुसरीकडे मराठी लोकांचा काळा दिन. शब्द सुचवा.

गणेशपूर_अण्णा
अख्खी पोस्ट उडवा की ओ. विचार कसला करतासा? ॲडमिनवर केस होते, १५३ अ. मेंबरनं लिहिलं तरी आत तुम्हीच जाणार. आमच्याकडं राजकारणाचं काही आलं की पाच मिनिटांत डिलीट, कारण द्यायचं नाही, विचारलं तर ब्लॉक. एकदम शांत ग्रुप आहे.

शहापूरची_आक्का
अण्णा, पोस्ट उडवली तर दुकानदाराचा साधा प्रश्नही उडतो, आणि उद्या तोच फोटो दुसऱ्या पेजवर "आमची पोस्ट दाबली" म्हणून फिरतो. मग भांडण पाटीवरून मॉडरेटरवर येतं. कायद्याचं जाणकार सांगतील, मी शब्दांपुरतं लिहिते.

मलप्रभा, आधी क्रम ठरवा. सहाही कॉमेंट एकाच तराजूत घातल्या म्हणून ते पहिलं उत्तर फसलं. "सर्वांनी" म्हटलं की प्रत्येकाला वाटतं हे समोरच्याला सांगितलंय. "राजकीय चर्चा करू नये" म्हटलं की नोटीस आलेल्या माणसाला वाटतं, माझी अडचण मांडायलाही बंदी. आणि "कारवाई केली जाईल" हे वाक्य सरकारी नोटिशीतलं. मुळात भांडण नोटिशीवरच चाललेलं असताना पेजसुद्धा नोटिशीच्या भाषेत बोलायला लागलं, मग लोक भडकणारच.

सगळ्यात आधी उ. यात चर्चा नाही, लगेच काढा. पण काढण्यापूर्वी टाकणाऱ्याचं नाव, वेळ आणि मजकूर दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या, कारण दुकानदाराला फोन यायला लागले तर त्याला तो लागेल. जागी एवढंच लिहा:

"एका कॉमेंटमध्ये एका माणसाचा मोबाईल नंबर आणि पत्ता होता, म्हणून ती काढली आहे. नियमाबद्दल विचारायचं असेल ते इथेच विचारा."

टाकणाऱ्याचं नाव घेऊ नका. नाव घेतलं की त्याची बाजू घेणारे दहा जण जमतात. दुकानदाराला मात्र इनबॉक्समध्ये कळवा की नंबर इतका वेळ पेजवर दिसत होता. ते त्याला कुणीतरी सांगितलं पाहिजे.

दुसरा ऊ. हा व्हिडिओ बहुतेक ६ डिसेंबर २०२२ चा असणार. हिरेबागेवाडी टोलनाक्याजवळ महाराष्ट्र पासिंगच्या ट्रकांवर दगडफेक झाली होती, त्याच्या क्लिपा दर वर्षी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पुन्हा निघतात. व्हिडिओ थांबवून एका फ्रेमचा स्क्रीनशॉट काढा आणि गुगल लेन्सला द्या, जुन्या बातम्यांतली तीच फ्रेम बहुतेक वेळा लगेच सापडते. आणि त्या बाजूला राहणाऱ्या कुणाला तरी एक फोन करा, रस्ता चालू आहे का म्हणून.

इथे शब्द सांभाळा. "फेक व्हिडिओ" लिहू नका. ती घटना घडलेली आहे आणि ज्यांना आठवते ते चिडतात, "म्हणजे दगड मारलेच नाहीत म्हणता?" खोटी आहे ती फक्त तारीख. म्हणून:

"हा व्हिडिओ आजचा नाही. डिसेंबर २०२२ मध्ये हिरेबागेवाडी टोलनाक्याजवळ ट्रकांवर दगडफेक झाली होती, तेव्हाचा आहे. आज प्रवासाला निघणाऱ्यांचा गोंधळ होऊ नये म्हणून काढला आहे."

तारीख सापडली नाही तर अंदाज करू नका. तेव्हा लिहायचं: "हा व्हिडिओ कधीचा आणि कुठला हे अजून कळलेलं नाही. टाकणाऱ्यांनी जागा आणि वेळ लिहिली की पुन्हा बघू, तोवर काढून ठेवला आहे."

इ आणि ई बद्दल पुढच्या पोस्टमध्ये लिहिते, जरा वेळ लागेल.

कोर्ट_कचेरी
अण्णांचं अर्धं बरोबर आहे. भाषा, जन्मस्थान, राहण्याची जागा यावरून दोन गटांत वैर पसरवणं हा गुन्हा आहेच. फक्त १ जुलै २०२४ पासून आयपीसी गेली, १५३ अ च्या जागी भारतीय न्याय संहितेचं कलम १९६ आलं. शिक्षा ३ वर्षांपर्यंत. भाषा हा शब्द कलमातच आहे, म्हणून आपल्या भागातल्या पेजांनी हे कलम माहीत असू द्यावं.

पण मेंबरने लिहिलं म्हणून ॲडमिन आपोआप आत जातो, हे खरं नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपच्या बाबतीत म्हटलं की सामाईक हेतू दिसत नसेल तर मेंबरच्या मजकुराची जबाबदारी ॲडमिनवर येत नाही. केरळ उच्च न्यायालयानेही २०२२ मध्ये त्याच दिशेने निकाल दिला. बेळगाव कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठाकडे येतं, त्यामुळे हे निकाल इथे बंधनकारक नाहीत, पण वकील त्यांचा आधार घेतात. शिवाय पोलिसांनी बोलावणं आणि कोर्टात दोषी ठरणं यात फार अंतर आहे. बोलावणं टळेल याची हमी कुणी देऊ शकत नाही.

मॉडरेटरने अडकायचं नसेल तर दोन गोष्टी टाळाव्या. वादग्रस्त कॉमेंटला पेजच्या नावाने लाईक देणं, आणि "बरोबर बोललात, पण भाषा जपा" असं लिहिणं. यातल्या "बरोबर बोललात" मुळे पेज त्या वाक्याच्या मागे उभं असल्यासारखं दिसतं.

निपाणीवाला
आमच्या गल्लीच्या तरुण मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पण हेच चालू आहे. मी ॲडमिन. एकाचा मेसेज काढला तर तो आता घरी येऊन विचारतोय, "माझाच का काढलास?" पेजवर हे कसं टाळता?

शहापूरची_आक्का
निपाणीवाला, पेजवर उत्तर पेजच्या नावाने जातं. व्हॉट्सअ‍ॅपवर ॲडमिनने मेसेज काढला की कुणी काढला ते नावासकट तिथे दिसतं. म्हणून गल्लीच्या ग्रुपमध्ये आधी काढू नका. त्या माणसाला फोन करा, "दादा, ते शेवटचं वाक्य तेवढं काढता का, बाकी राहू दे" म्हणा, म्हणजे तो स्वतः काढेल. धमकी किंवा कुणाचा नंबर असेल तरच तुम्ही काढा. आणि रात्री फारच तापलं तर "फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतात" ही सेटिंग लावा, पण किती वाजता उघडणार ते लिहून.

आता इ. "महाराष्ट्रात जा की" हे वाक्य या भागात सगळ्यात जास्त येतं, आणि उलट बाजूने "नोकरीला आलात तर गप नोकरी करा" हे. दोन्ही एकाच जातीची: पाटी, बस, शाळा काय असेल तो विषय सोडून समोरच्याच्या इथे राहण्यावर जातात. उत्तरात तीन गोष्टी याव्यात. त्याचं मूळ म्हणणं आपल्याला कळलंय हे एका वाक्यात. कोणतं वाक्य जाणार हे अवतरणात, जसंच्या तसं. आणि काय केलं तर कॉमेंट राहील. चौथं काही नको.

"नियम पाळावा हे तुमचं म्हणणं आहे, ते इथे मांडता येईल. 'महाराष्ट्रात जा' हे वाक्य पाटीबद्दल नाही, समोरच्याच्या राहण्याबद्दल आहे. तेवढं वाक्य काढून पुन्हा टाका, कॉमेंट ठेवतो."

"तुम्ही असं का बोलता" विचारायचं नाही. "अशी भाषा आपल्या संस्कृतीत बसत नाही" असंही नाही. माणसाला काढलं असं वाटू नये, वाक्य काढलं असं वाटलं पाहिजे. आणि काढण्याआधी त्याचा अख्खा मजकूर कॉपी करून त्यालाच इनबॉक्सला पाठवा. लोक चिडतात ते बऱ्याचदा मोबाईलवर अर्धा तास टाईप केलेलं गेलं म्हणून. मजकूर हातात असला की पुष्कळ जण ते एक वाक्य गाळून परत टाकतात.

ई मध्ये अडचण अशी की "दाखवतो" ही धमकीही असू शकते आणि नुसती फुशारकीही. १ तारखेला राज्योत्सवाची मिरवणूक असते आणि काळ्या दिनाची फेरीही. लिहिणारा कुणीकडचा हे मॉडरेटरने ओळखून दाखवू नये. म्हणून:

"'१ तारखेला दाखवतो' हे वाक्य धमकीसारखं वाचलं जातं, म्हणून काढलं आहे. एखाद्या कार्यक्रमाला जायचं आहे असं म्हणायचं असेल तर तसं लिहा, ते राहील."

त्याने पुन्हा तेच लिहिलं, किंवा जागा-वेळ सांगून कुणाला बोलावलं, तर शब्दांचं काम तिथे संपलं. स्क्रीनशॉट, सदस्यत्व स्थगित, आणि माणसं खरंच जमतायत असं दिसलं तर ११२.

अ आणि आ ला हात लावू नका. आ मध्ये राग आहे, पण तो स्वतःच्या अडचणीचा राग आहे. ती कॉमेंट काढली तर मराठी बोलणारा सदस्य तुम्हाला कायमचा सोडून जाईल, आणि ते बरोबरच असेल.

यळ्ळूरकर
हे सगळं वाचून एकच कळतंय, वाद थंड करायचा म्हणजे मराठी माणसानं गप बसायचं. २०१४ ला आमच्या गावची पाटी काढली तेव्हा लोकांच्या घरात शिरून मारलं. तेव्हा कुठल्या पेजनं "वाक्य काढा" म्हटलं? सीमाप्रश्नावरच्या महाजन आयोगानं २६४ गावं महाराष्ट्राला द्या म्हटलं होतं, ती तरी दिली काय? आधी तेचं बोला, मग आम्हाला शब्द शिकवा.

मलप्रभा_काठ
यळ्ळूरकर, हा धागा कॉमेंटला उत्तर कसं द्यायचं एवढ्यापुरता आहे, सीमाप्रश्नाचा वेगळा आहे.

शहापूरची_आक्का
मलप्रभा, "वेगळा धागा आहे" म्हणून सोडू नका, त्यांचा मुद्दा इथलाच आहे.

यळ्ळूरकर, तुम्ही म्हणताय की मॉडरेटर थंड करायला आला की ज्याची तक्रार आहे त्याचंच तोंड बंद होतं. असं होतं, हे खरं आहे. म्हणूनच आ ठेवा म्हटलं. तसंच "मला परिपत्रक मराठीत द्या" ही कॉमेंट कितीही जोरात लिहिलेली असली तरी राहिलीच पाहिजे. भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांवर असतील तिथे सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, हे तत्त्व १९५६ पासून केंद्राच्या कागदावर आहे, ते मागणं म्हणजे भांडण काढणं नव्हे. महाजन अहवालाबद्दल लिहायचं तर जरूर लिहा, फक्त पूर्ण आकडा द्या. २६४ गावं महाराष्ट्राला आणि २४७ कर्नाटकला अशी ती शिफारस होती आणि महाराष्ट्राने ती मान्य केली नाही. अर्धा आकडा टाकला की उरलेला अर्धा घेऊन समोरून दुसरा येतो आणि मूळ पोस्टमधली पाटी बाजूलाच राहते.

२०१४ चं जे सांगितलंत ते तुमच्या गावचं दुःख आहे. त्यावर मी काही सुचवत नाही.

यळ्ळूरकर
ठीक आहे. मग एक माझंही लिहून घ्या. मॉडरेटर लोकांचं ते "दोन्ही बाजूंनी संयम बाळगावा" बंद करा. एकानं नोटीस कशी पाळू म्हणून विचारलं, दुसऱ्यानं नंबर टाकून माणसाला फोन करायला लावलं. तिथं कसल्या दोन बाजू? हे वाक्य वाचलं की अंगाची आग होते.

शहापूरची_आक्का
हे अगदी बरोबर आहे. वाक्य ज्याचं, उत्तर त्याला. समतोल दिसावा म्हणून न चुकलेल्याला ओढायचं नाही. आणि त्याचीच दुसरी बाजू: उद्या मराठी बाजूने कुणी कन्नड दुकानदाराचा नंबर टाकला तर अक्षरही न बदलता तेच उत्तर जावं. म्हणून ही उत्तरं आधी लिहून ठेवायची, ऐन वेळी नाही. ऐन वेळी लिहिलं की आपल्या माणसाला "दादा, जरा सांभाळून" जातं आणि दुसऱ्याला "सदर कॉमेंट हटवण्यात आली आहे" जातं. लोक हा फरक लगेच टिपतात. दादा, ताई, साहेब, सर काहीच नको. सगळ्यांना तुम्ही.

मल्लू_वडगाव
माझं घर कन्नड, शाळा मराठी, त्यामुळे दोन्ही बाजूंनी वाचतो. तुमची उत्तरं मराठीत चांगली आहेत, पण त्या पोस्टवर निम्म्या कॉमेंट कन्नडमध्ये असणार. त्यांना मराठीत उत्तर गेलं की मजकूर कितीही चांगला असो, वाचणारा म्हणतो हे पेज त्यांचं आहे. ज्या भाषेत कॉमेंट, त्या भाषेत उत्तर आधी, खाली दुसरी भाषा. फेसबुकच्या आपोआप भाषांतरावर सोडू नका. ते "तुम्ही" चा मान सांभाळेल याचा भरवसा नाही, आणि कन्नडमध्ये "नीवु" च्या जागी "नीनु" आलं तर विझलेलं परत पेटतं.

कॉमेंट बंद करतानाचं वाक्य असं चालेल (पेजवर कन्नड लिपीत टाका, इथे सगळ्यांना वाचता यावं म्हणून देवनागरीत देतो):

"ई पोस्टिन कामेंटुगळन्नु नाळे बेळिग्गे ८ गंटेवरेगे मुच्चलागिदे. ई क्रम व्यक्तिय मेले अल्ल, वाक्यद मेले." म्हणजे, या पोस्टच्या कॉमेंट उद्या सकाळी ८ पर्यंत बंद आहेत, हे पाऊल माणसावर नाही, वाक्यावर आहे.

आणि मॉडरेटरच्या तोंडी "कानडी" नको, "कन्नड" लिहा. सदस्यांनी काही लिहू दे, त्यांना टोकायचं नाही.

गणेशपूर_अण्णा
आणि गावाचं नाव? १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी नाव बेळगावी. पेजनं बेळगाव लिहिलं तर एक तुटून पडतोय, बेळगावी लिहिलं तर दुसरा.

मल्लू_वडगाव
मराठी मजकुरात बेळगाव, कन्नड मजकुरात बेळगावी. आपण बोलतोही तसंच. फक्त सदस्याच्या कॉमेंटमधलं नाव मॉडरेटरने कधी दुरुस्त करायचं नाही.

यळ्ळूरकर
मला पटलं नाही. पेजनं बेळगावी लिहिलं की झालं, मग ते कुठल्याही लिपीत असू दे.

कोर्ट_कचेरी
यावर आज एकमत होणार नाही. पेजचे मॉडरेटर कमीत कमी आपापसात एक ठरवा आणि वर्षभर तेच ठेवा. मध्येच बदललं तर त्या बदलाचीच पोस्ट होते.

मलप्रभा_काठ
दोन शंका. सगळे म्हणतात "हटवू नका, लपवा", म्हणजे हाईड करा. ते बरं का? आणि कॉमेंट बंद केल्यावर परत कधी उघडायच्या?

गणेशपूर_अण्णा
हाईडच करा. लपवलं की कुणालाच दिसत नाही, आणि त्याला पत्ताही लागत नाही.

शहापूरची_आक्का
त्याला पत्ता लागत नाही हे खरं, कुणालाच दिसत नाही हे खरं नाही. फेसबुक पेजवर लपवलेली कॉमेंट लिहिणाऱ्याला आणि त्याच्या फ्रेंड्सना दिसत राहते. गावातल्या पेजवर त्याचे फ्रेंड्स म्हणजे अर्धं गाव. ते खाली उत्तरं देत राहतात, बाकीच्यांना मधलेच तुकडे दिसतात आणि कुणाला काय चाललंय कळत नाही. दुसऱ्या दिवशी त्याला कळतं की काहींना दिसत नाही, मग "गुपचूप दाबलं" हा नवा आरोप. नंबर, धमकी, जुना व्हिडिओ यांना लपवणं पुरत नाही, ते काढाच. इ सारख्या कॉमेंटला, माणूस वाक्य गाळून परत टाकेपर्यंत, तासाभरासाठी लपवणं ठीक, पण लपवलंय हे त्याला सांगून.

त्याने वाक्य गाळून तीच कॉमेंट एडिट केली तरी लक्षात ठेवा की एडिट हिस्टरीत जुनं वाक्य दिसतं. म्हणून एडिट नको, नवीन कॉमेंट टाका म्हणायचं.

बंद करायचं ते ठरावीक वेळेपर्यंत. "पुढील सूचनेपर्यंत" लिहिलं की कायमचं बंद असं वाचतात. रात्री दहानंतर तापलं तर सकाळी ८ ची वेळ द्या आणि ८ ला खरंच उघडा, पाच मिनिटंही उशीर नको. उघडताना पहिली कॉमेंट पेजची असावी, आणि ती उपदेशाची नसावी. दुकानदाराने जे विचारलं त्याचं उत्तर असावं! दीडशे कॉमेंटमध्ये ते एकानेही दिलेलं दिसत नाही. उत्तर नाही म्हणून ती जागा भांडणाने भरली. असं लिहा:

"मूळ प्रश्नाचं उत्तर: कर्नाटकच्या २०२४ च्या दुरुस्तीप्रमाणे दुकानाच्या पाटीवर ६० टक्के कन्नड हवं आणि ते वरच्या भागात हवं. उरलेल्या भागात मराठी किंवा दुसरी भाषा लिहिता येते. नोटिशीवर मुदत आणि कार्यालय लिहिलेलं असतं, ते बघून अर्ज द्यावा. कुणी पाटी करून घेतली असेल तर खर्च आणि मापं इथे लिहा."

शेवटचं वाक्य मुद्दाम घातलंय. भांडायला आलेल्यांना त्यात काही मिळत नाही, पण पाटी रंगवणारे आणि दुकानदार बोलायला लागतात. आणि हे पिन करा.

कोर्ट_कचेरी
याला एक जोड. "नियम योग्य आहे" किंवा "नियम अन्यायकारक आहे" यातलं काहीच पेजने म्हणू नये. नियम काय आहे एवढंच. कुणी "पेजचं मत काय?" म्हणून घेरलं तर: "पेज मत देत नाही. तुमचं मत इथे लिहा, ते राहील."

निपाणीवाला
ते पिन करून उपयोग होतो काय? आमच्या ग्रुपवर १९५६ पासूनची सगळी हकिकत पिन केली होती, कुणी वाचली नाही, उलट त्याच्यावरच भांडण. "सीमाभाग" का लिहिलं म्हणून.

शहापूरची_आक्का
हकिकत पिन केली तर भांडण होणारच. तिच्यातल्या प्रत्येक शब्दाला दोन बाजू आहेत, आणि खटलाच २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. पिन फक्त त्या पोस्टच्या प्रश्नाचं उत्तर करावं, चार वाक्यांत.

मलप्रभा_काठ
बरं. तर आज रात्री उ आणि ऊ काढतो, दुकानदाराला आणि इ, ई वाल्यांना इनबॉक्स करतो, उद्या ८ ला पाटीच्या नियमाची कॉमेंट टाकून उघडतो. शुक्रवार ३१ ला संध्याकाळी ६ पासून रविवारी सकाळपर्यंत पेजच्या ग्रुपला सगळ्या पोस्ट मंजुरीवर ठेवाव्यात असं आमच्यातल्या दोघांचं म्हणणं आहे. बाकीचे म्हणतात फक्त राजकीय पोस्ट मंजुरीवर.

गणेशपूर_अण्णा
सगळ्याच. नाहीतर राजकीय कुठली हे ठरवण्यातच दिवस जातोय.

मल्लू_वडगाव
अण्णा इथे बरोबर आहेत, पण रात्री मंजुरी द्यायला कोण बसणार ते आधी ठरवा. फेब्रुवारीत बसच्या भांडणावरून दोन्ही राज्यांच्या बसगाड्या थांबल्या होत्या, तेव्हा लोकांना हवं होतं ते एकच: गाडी आहे की नाही. ती पोस्ट तीन तास मंजुरीत अडकली तर माणसं स्टँडवर उभी राहतात. मंजुरी देणाऱ्यांत एक कन्नड वाचणारा आणि एक मराठी वाचणारा असू द्या, दोघेही जागे.

यळ्ळूरकर
आणि काळ्या दिनाच्या फेरीची वेळ-मार्गाची पोस्ट आली तर? मंजुरीत ठेवून रविवारी सोडणार काय?

मलप्रभा_काठ
फेरीची आणि मिरवणुकीची, दोन्ही वेळ-मार्गाच्या पोस्ट आल्या की लगेच सोडायच्या असं माझं मत आहे, रस्ते कुठले बंद असतील हे सगळ्यांनाच लागतं. पण परवानगी नसलेल्या कार्यक्रमाची पोस्ट आली तर काय, यावर आमच्यात अजून ठरलेलं नाही.

कोर्ट_कचेरी
परवानगी आहे की नाही हे मॉडरेटरने ठरवायला जाऊ नका. पोस्टमध्ये वेळ आणि मार्ग एवढंच असेल तर सोडा, "या, बघून घेऊ" असेल तर ते वाक्य काढून परत पाठवा. जिल्हा प्रशासनाचा बंदी आदेश निघालेला असेल तर मात्र बोलावण्याची पोस्ट सोडू नका, आणि न सोडण्याचं कारण म्हणून त्या आदेशाचा फोटोच त्याला पाठवा.

यळ्ळूरकर
आदेश दोन्ही कार्यक्रमांना सारखा नसतो, हे तुम्हालाही माहीत आहे.

शहापूरची_आक्का
माहीत आहे. त्याचं उत्तर मॉडरेटरकडे नाही. पण आदेश सारखा नाही असं लिहिणारी तुमची कॉमेंट त्या दिवशी पेजवर राहील, एवढं मलप्रभांनी आत्ताच ठरवून टाकावं.

मलप्रभा_काठ
राहील. उ आणि ऊ काढले आहेत, व्हिडिओ २०२२ चाच निघाला. दुकानदाराला सात फोन आले होते, स्क्रीनशॉट त्याला पाठवला आहे. मल्लू, पाटीच्या नियमाची कॉमेंट कन्नडमध्ये करून द्याल का? सकाळी ८ च्या आत हवी.

मल्लू_वडगाव
देतो. "मापं" च्या जागी "फुटात मापं" करा, नाहीतर पाटीवाले इंचात लिहितील आणि खाली परत तेच चालू होईल.